दोनदा निघालेलं गाव : हॅन्सन-हर्विट्झ अंदाजकाची गोष्ट

ज्यांना बसमध्ये आवाज नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा भाग लेखी. सूत्रं ऐकून डोक्यात बसत नाहीत अशी तक्रार बऱ्याच जणांची होती, ती रास्तच आहे. म्हणून या वेळी आकडे खाली मांडून दाखवतो.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून. मी तेव्हा एका दूध संघासाठी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये होतो. संघाला लाळ्या-खुरकूतच्या लसीचे डोस मागवायचे होते आणि त्यासाठी सगळ्या गावांत मिळून जनावरं किती, हे हवं होतं. गावं शंभराहून जास्त, आणि एक गाव मोजायला माणसाचे दोन दिवस जाणार. म्हणजे काहीच गावं मोजायची आणि त्यावरून एकूण आकडा काढायचा. माझ्याकडे सभासदांची यादी होती. मी स्क्रिप्ट लिहिली: यादीतून एक सभासद चिठ्ठी टाकल्यासारखा उचल, तो ज्या गावचा ते गाव मोजायला घे. मग मोजलेल्या गावांची सरासरी काढली, गावांच्या संख्येनं गुणलं आणि आकडा दिला पाठवून.

टीममध्ये संख्याशास्त्रात एमएस्सी केलेली एक ताई होती. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, "अरे, तू गावं नाही निवडलीस, माणसं निवडलीस. ज्या गावात माणसं जास्त, ते गाव जास्त वेळा निघणार. मग सरासरी फुगणार नाही तर काय?"

बरोबर होतं तिचं. खरे आकडे देता येणार नाहीत, म्हणून पाच गावांचं छोटं उदाहरण घेऊ. गावं अ, ब, क, ड, इ. सभासद अनुक्रमे १००, २००, ३००, ४०० आणि १०००, एकूण २०००. जनावरं ३००, ५५०, ७५०, ११०० आणि २३००, एकूण ५०००. हे ५००० आपल्याला माहीत आहेत, पण मोजणाऱ्याला माहीत नाहीत असं धरा.

आता १ ते २००० मधला एक आकडा काढा. १ ते १०० आला तर अ, १०१ ते ३०० आला तर ब, ३०१ ते ६०० आला तर क, ६०१ ते १००० आला तर ड, त्यापुढे इ. म्हणजे अ निघण्याची शक्यता ०.०५, ब ०.१, क ०.१५, ड ०.२ आणि इ ची तब्बल ०.५. आकडा काढला की चिठ्ठी परत डब्यात, आणि पुन्हा काढायची. समजा चार वेळा काढलं आणि १३४२, १८७, १७६५, ५१७ आले. गावं निघाली इ, ब, इ, क. इ दोनदा निघालं, हे लक्षात ठेवा.

माझ्या जुन्या पद्धतीनं या चार चिठ्ठ्यांची सरासरी १४७५ जनावरं, गुणिले ५ गावं, उत्तर ७३७५. खरे ५०००. आणि हे फक्त याच वेळी वाईट नशीब म्हणून नाही. कितीही वेळा करा, ही पद्धत सरासरीनं सुमारे ७७६० च सांगणार, म्हणजे ५५ टक्के जास्त. चिठ्ठ्या वाढवल्या तर चुकीचाच आकडा आणखी ठामपणे येणार, एवढंच.

दुरुस्ती एका भागाकाराची आहे. प्रत्येक चिठ्ठीला निघालेल्या गावाची जनावरं त्या गावाच्या निघण्याच्या शक्यतेनं भागायची. इ ची २३०० जनावरं भागिले ०.५ म्हणजे ४६००. ब ची ५५० भागिले ०.१ म्हणजे ५५००. क ची ७५० भागिले ०.१५ म्हणजे ५०००. यातला प्रत्येक आकडा हा एकटाच पूर्ण तालुक्याचा अंदाज आहे. मोठं गाव वारंवार निघतं म्हणून भागाकारात त्याचं वजन कमी होतं, लहान गाव क्वचित निघतं म्हणून निघाल्यावर त्याचं वजन वाढतं. चार अंदाज ४६००, ५५००, ४६००, ५०००. त्यांची सरासरी ४९२५. झालं, हाच अंदाज.

मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकी जनगणना खात्यातल्या दोघांनी १९४३ मध्ये हे मांडलं, म्हणून अंदाजकाला त्यांचं नाव. आपल्याकडेही हा प्रकार परका नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६१व्या फेरीत, २००४-०५ मध्ये, ग्रामीण भागातली गावं अशीच निवडली होती: २००१ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि चिठ्ठी परत टाकून.

आता दुसरा प्रश्न. ४९२५ वर भरवसा किती? इथे परत टाकण्याचा खरा फायदा दिसतो. चिठ्ठी परत गेली की पुढच्या वेळी डबा जसाच्या तसा असतो, त्यामुळे चारही अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र. मग कॉलेजात शिकलेलं साधं गणित चालतं: चार आकड्यांचा आपसातला विखुरलेपणा मोजा, म्हणजे व्हेरिअन्स काढा, आणि चिठ्ठ्यांच्या संख्येनं भागा. कुठली दोन गावं जोडीनं निघण्याची शक्यता किती, असली किचकट बेरीज नाही. चिठ्ठी परत न टाकता निवडलं तर नेमकी तीच बेरीज मानगुटीवर बसते.

```python
import random
x = [100, 200, 300, 400, 1000]    # सभासद
y = [300, 550, 750, 1100, 2300]   # जनावरं
p = [a / sum(x) for a in x]
n = 4
s = random.choices(range(5), weights=x, k=n)
z = [y[i] / p[i] for i in s]
est = sum(z) / n
var = sum((v - est)**2 for v in z) / (n * (n - 1))
print(s, est, var**0.5)
```

आपल्या चार चिठ्ठ्यांसाठी `var` येतो ४५६२५, त्याचं वर्गमूळ सुमारे २१४. म्हणजे अंदाज ४९२५, चूक साधारण दोनशेच्या घरात. आपल्याला पाचही गावं माहीत असल्यामुळे खरा व्हेरिअन्सही काढता येतो. प्रत्येक गावासाठी भागाकाराचा आकडा ५००० पासून किती दूर, त्याचा वर्ग, गुणिले शक्यता, सगळ्यांची बेरीज, भागिले ४. उत्तर ५१२५०, वर्गमूळ २२६. नमुन्यानं सांगितलेलं २१४ त्याच्या जवळच आहे.

पाचही गावांना सारखी शक्यता दिली असती तर? तोच हिशोब केला की २२६ च्या जागी सुमारे १७५० येतात. व्हेरिअन्स जवळजवळ साठ पट! कारण इतकंच की आपल्या पाच गावांत माणशी जनावरं साधारण सारखी आहेत, २.३ ते ३ च्या मध्ये. त्यामुळे भागाकार केल्यावर सगळे आकडे ४६०० ते ६००० मध्येच पडतात. सगळ्या गावांत माणशी जनावरं अगदी तंतोतंत सारखी असती, तर एका चिठ्ठीतही चूक शून्य झाली असती.

मध्येच एक सूचना, कारण कोड लिहिणाऱ्यांचा हात इथेच घसरतो. इ दोनदा निघालं म्हणून आपण `set(s)` करून मोकळे होतो. तसं करायचं नाही. मोजणाऱ्याला गावात दोनदा पाठवायची गरज नाही, पण हिशोबात आकडा दोनदा धरायचा. काढून टाकलं तर आपल्या उदाहरणात उत्तर ५०३३ येतं, खऱ्याच्या उलट जास्तच जवळ, आणि मग वाटतं की बघा, हेच बरं. पण ते नशीब. एकदा दुबार चिठ्ठ्या गाळल्या की ०.५ ही शक्यता खरी राहत नाही आणि मोठ्या गावाला कायमच कमी वजन मिळत राहतं. उलट बाजूही सांगतो: चारही वेळा इ च निघालं, आणि ते सोळात एकदा होतं, तर चारही आकडे ४६०० आणि चूक दिसते चक्क शून्य. शून्य दिसलं तर खूश न होता आधी `s` छापून बघा.

आता मला सगळ्यात जास्त घाबरवणारा भाग. ताईनं विचारलं होतं, "सभासद आणि जनावरं यांचं नातं सगळीकडे आहे ना?" मी म्हटलं, असणारच की! पण समजा अ गावात कुणीतरी २५०० जनावरांचा मोठा गोठा टाकलाय. दूध थेट शहरात जातं, संघाशी संबंध नाही, त्यामुळे सभासद यादीत त्याची नोंदच नाही. लस मात्र त्यांनाही लागणार. आता खरी एकूण संख्या ७५००, पण अ ची शक्यता अजून ०.०५ च.

आपल्या त्याच चार चिठ्ठ्या घ्या: इ, ब, इ, क. यात अ नाही. अंदाज तोच ४९२५, चूक तीच २१४. अडीच हजार जनावरं हिशोबाबाहेर आणि कागद म्हणतोय की सगळं आलबेल. असं किती वेळा होईल? चार चिठ्ठ्यांत अ न निघण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे ८१ टक्के. आणि अ निघालंच तर २८०० भागिले ०.०५ म्हणजे एका चिठ्ठीचे ५६००० होतात आणि पूर्ण अंदाज उडून सतरा-अठरा हजारांवर जातो. अंदाजक सरासरीनं अजूनही बरोबरच आहे, ७५०० च सांगतो. फक्त एकाही वेळी ७५०० च्या आसपास फिरकत नाही. खरी चूक आता २२६ नाही, सुमारे ५५७० आहे.

देबव्रत बसूंनी १९७१ मध्ये सर्कशीतल्या हत्तींची गोष्ट लिहिली होती ती हीच. पन्नास हत्तींचं एकूण वजन हवं, संख्याशास्त्रज्ञ एका मध्यम हत्तीला ९९ टक्के शक्यता देतो, आणि मालक विचारतो की सगळ्यात मोठा हत्ती निघाला तर काय. सूत्राप्रमाणे त्याच्या वजनाला ४९०० नं गुणायचं. गोष्टीत त्या बिचाऱ्याची नोकरी जाते.

म्हणजे नमुन्यातून काढलेला व्हेरिअन्स हा प्रश्न नेहमी पकडत नाही. न निघालेल्या गावाबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. पकडायचं तर चिठ्ठ्या काढण्याआधी. आम्ही शेवटी प्रत्येक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून एकच प्रश्न विचारला: गावात शंभरावर जनावरांचा गोठा आहे का? जिथे होता तो गोठा डब्यातून बाहेर काढला, थेट जाऊन मोजला आणि शेवटी बेरजेत धरला. उदाहरणात तसं केलं की ते २५०० आपले निश्चित झाले, उरलेल्या ५००० साठी चिठ्ठ्या, आणि चूक परत २२६ वर. शिवाय ज्या गावांत एकही सभासद नव्हता, त्यांची शक्यता शून्य होती. ती कितीही चिठ्ठ्या काढल्या तरी निघाली नसती. अशी गावं वेगळी लावून त्यांच्यासाठी घरांच्या संख्येवरून निवड केली.

लसीची मागणी त्या दुसऱ्या आकड्यावर गेली. पहिला आकडा असलेला मेल अजून माझ्या सेंट फोल्डरमध्ये आहे.