चारचौघांतला टोमणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टोमण्याला दोन पदर असतात. वरचा पदर प्रश्नाचा किंवा कौतुकाचा असतो आणि आतल्या पदरात समोरच्याची एखादी कमतरता गृहीत धरलेली असते. तो एकाला उद्देशून मारला जातो, पण ऐकवायचा असतो भोवती बसलेल्यांना. त्यामुळे उत्तर देणाऱ्याची कोंडी होते. आतल्या पदराला हात घातला तर ‘मी असं कुठं म्हटलं?’ म्हणायची सोय बोलणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. गप्प बसलं तर ती कमतरता मान्य केल्यासारखी वाटते. या कोंडीतून बाहेर पडण्याचे जे मार्ग सर्रास सांगितले जातात, त्यांतले बरेचसे चुकीच्या समजुतींवर उभे आहेत.

महाराष्ट्रात घरोघरी घडणारा एक प्रसंग घेऊन हे तपासता येतं. चुलतबहिणीचा साखरपुडा आहे. दोन वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा गावी आला आहे. पंगत बसलेली असताना एक काका मोठ्याने म्हणतात, “या, या, कलेक्टरसाहेब! यंदा तरी पोस्ट काढणार, का पुण्यातल्या मेसवाल्यांचंच भलं करणार?” शेजारचे चारपाच जण हसतात.

गैरसमज : तोडीस तोड उत्तर दिलं तरच मान राहतो

मुलाच्या जिभेवर त्या क्षणी काय येतं, हे ओळखायला अवघड नाही. काकांच्या स्वतःच्या मुलाने दोनदा सोडलेली नोकरी, त्यांचं रखडलेलं घराचं बांधकाम, असं काहीतरी. ते बोलून दाखवलं तर हशा दुप्पट होतो आणि क्षणभर जिंकल्यासारखंही वाटतं. पण ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने प्रसंग तिथेच बदललेला असतो. आधी एक मोठा माणूस एका तरुणाला डिवचत होता, आता दोघे भांडत असतात आणि त्यात लहान असलेला मुलगा उद्धट ठरतो. रात्री घरी त्याच्या वडिलांना जे ऐकावं लागतं, ते काकांच्या टोमण्याबद्दल नसतं, मुलाच्या उत्तराबद्दल असतं.

राग बाहेर काढला की मन हलकं होतं, ही समजूत याच गैरसमजाला बळ देते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ती तपासली होती. 600 विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि प्रत्येकाला ‘आजवर वाचलेल्या सर्वांत वाईट निबंधांपैकी एक’ अशा अर्थाचा शेरा मिळाला. मग काहींना तो शेरा देणारा माणूस डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, तर काहींना काही न करता शांत बसवून ठेवलं. ज्यांनी त्या माणसाचा विचार करत ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त निघाला. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. रागाला वाट करून देताना मन त्याच अपमानाभोवती फिरत राहतं आणि राग टिकून राहतो.

गैरसमज : शांत राहणं म्हणजे गिळून टाकणं

हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो संस्काराच्या रूपात येतो. ‘मोठे आहेत, बोलू दे, तू हसून सोडून दे’ असं सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चेहऱ्यावर काही न दाखवणं आणि आतून शांत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये यावर केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. त्यांनी लोकांना शस्त्रक्रियेची, पाहवत नाही अशी एक चित्रफीत दाखवली. एका गटाला सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं की हे तटस्थपणे, तांत्रिक गोष्ट बघावी तसं बघायचं. पहिल्या गटाचे चेहरे स्थिर राहिले, पण आतली किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. दुसऱ्या गटात किळसच कमी झाली. ग्रॉस यांच्याच पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की भावना दाबून धरताना समोर काय बोललं जात होतं ते नीट लक्षात राहत नाही. पंगतीतल्या मुलाला हे दुहेरी महागात पडतं. सगळी शक्ती चेहरा सांभाळण्यात जाते आणि दोन साधी वाक्यं सुचण्याइतकंही लक्ष उरत नाही.

ओढूनताणून हसण्याचा आणखी एक तोटा आहे. काकांना आणि पंगतीला ते हसू संमतीसारखं दिसतं. पुढच्या बारशाला तोच टोमणा पुन्हा येतो, आणि तेव्हा मुलगा चिडला तर ‘इतके दिवस तर हसत होता’ असं म्हटलं जातं.

बदल करायचा तो टोमण्याकडे बघण्यात. काकांच्या वाक्यात माहिती विचारणारा भाग एवढाच आहे, की परीक्षेचं काय झालं. उरलेला सगळा सूर आहे. माहितीला उत्तर देता येतं, सुराला देण्याची गरज नसते. ही विभागणी मनात झाली की पुष्कळ राग तिथेच उतरतो. त्यासाठी दोन-तीन सेकंद हवे असतात आणि ते मिळवण्याची साधी रीत म्हणजे श्वास सावकाश बाहेर सोडणं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि आवाज चढायचा थांबतो. हातातला घास खाऊन मग बोललं तरी चालतं. एवढ्या विरामाने समोरच्यांना अवघडल्यासारखं वाटत नाही.

मग तो म्हणू शकतो, “प्री निघाली काका, आता मेन्स आहे. निकाल लागला की सांगतोच. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, आता जिना चढता येतो का?”

यातला प्रत्येक भाग काम करतो. पहिलं वाक्य खरं आणि छोटं आहे. दुसऱ्याने विषय मिटतो. तिसऱ्याने बोलण्याचा रोख काकांकडे वळतो, तोही आपुलकीने, आणि आता उत्तर देण्याची पाळी त्यांची असते. मेसवाल्यांचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो हवेत विरून जातो. प्री निघाली नसेल तर तेही तसंच सांगता येतं : “यंदा प्री निघाली नाही काका, पुढची देतोय.” काकांच्या आधी मुलानेच ते सांगून टाकलं, तर डिवचायला फारसं काही उरत नाही.

गैरसमज : सगळं नीट समजावून सांगितलं की लोकांचं मत बदलतं

अपमान झाला की माणूस खुलासा करू लागतो. जागा किती कमी निघाल्या, जाहिरात कशी लांबली, कटऑफ कुठे गेला. कधी तर ‘राज्यसेवेतून थेट कलेक्टर होत नाहीत, उपजिल्हाधिकारी होतात’ अशी दुरुस्तीही होते. यातलं सगळं खरं असतं आणि तरीही त्याचा उपयोग होत नाही. पंगत परीक्षापद्धती समजून घ्यायला बसलेली नसते. खुलासा लांबला की तो आरोपाला दिलेल्या जबाबासारखा ऐकू येतो आणि गृहीत धरलेली कमतरता आणखी ठळक होते. उत्तर दोन वाक्यांत संपलं नाही, आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गेला किंवा वाक्याची सुरुवात ‘पण’ने झाली, तर खुलासा सुरू झाला आहे असं ओळखावं.

कार्यालयातल्या बैठकीत मात्र हे थोडं बदलतं. तिथे टोमण्यात कामाबद्दलचा चुकीचा दावा असेल, तर तो नोंदीत राहू नये म्हणून आकडा किंवा तारीख सांगून दुरुस्त करायलाच हवा, तोही एका वाक्यात. बरोबरीच्या सहकाऱ्याला “म्हणजे नेमकं काय म्हणायचंय?” असं सपाट आवाजात विचारणंही तिथे उपयोगी पडतं, कारण मग त्याला आतला अर्थ उघड बोलावा लागतो किंवा मागे घ्यावा लागतो. हाच प्रश्न पंगतीत काकांना विचारला तर तो आव्हानासारखा वाटेल.

गैरसमज : सगळ्यांच्या नजरा आपल्यावरच खिळल्या आहेत

कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचं चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. जवळपास निम्म्या जणांच्या हे लक्षात येईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. टोमणा कानावर पडतो, टी-शर्टसारखा नजरेतून सुटत नाही, एवढा फरक धरूनही स्वतःकडे असलेलं इतरांचं लक्ष माणूस वाढवून मोजतो, हे खरं आहे. हसणाऱ्यांतले काही जण अवघडून हसलेले असतात आणि विषय बदलला तर त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं.

गैरसमज : ‘मस्करी केली’ म्हटल्यावर विषय संपतो

जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये चिडवण्यामागच्या हेतूंचा अभ्यास केला. चिडवणाऱ्याला आपला हेतू जितका निरागस वाटतो, तितका तो चिडवलेल्याला वाटत नाही, असं त्यात दिसलं. हेतू बोलणाऱ्याच्या मनात असतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत फक्त शब्द पोचतात. त्यामुळे काका खोटं बोलतात असं धरण्याचं कारण नाही, आणि मुलाला लागलं हेही तेवढंच खरं आहे.

म्हणून हेतूवर वाद न घालता पुढची मागणी करणं बरं. त्यासाठी कार्यक्रम उरकल्यावर, दोघंच असताना बोलावं. “काका, पंगतीत मेसवरून बोललात ते मला लागलं,” असं म्हटल्यावर “अरे, मस्करी केली, एवढं काय मनाला लावून घेतोस,” हे उत्तर बहुधा येतंच. त्यावर “तुमच्या मनात तसं नसेलच. पण चारचौघांत विचारू नका. मला एकट्याला विचारा, सगळं सांगेन,” एवढं पुरतं. प्रसंग एकच, शब्द नेमके आणि मागणीही एकच ठेवावी. जुन्या लग्नांतले टोमणे त्यात ओढले की बोलणं पुन्हा भांडणाकडे जातं.

सगळेच काका ऐकतात असं नाही. सांगूनही टोमणे चालू राहिले, तर चारचौघांतच पण चढ्या आवाजाशिवाय “काका, यावर आपलं बोलणं झालंय,” असं म्हणावं आणि तिथून उठून वाढायला लागावं. जवळच्या एखाद्या आत्याला किंवा मोठ्या भावाला आधीच सांगून ठेवलं तर विषय बदलण्याचं काम ते अधिक सहज करू शकतात.

शांत उत्तर कुठे पुरेसं नाही

काही शेरे टोमण्याच्या हद्दीबाहेरचे असतात. अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्तीचा लोकांदेखत जातीवरून जाणीवपूर्वक अपमान करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रीवर केलेले लैंगिक अर्थाचे शेरे 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळात मोडतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. अशा वेळी त्या क्षणी काय उत्तर दिलं, किंवा काहीच दिलं नाही, याने तक्रारीचा हक्क जात नाही. बोललेले शब्द जसेच्या तसे, तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवावीत.