स्क्रब की अ‍ॅसिड? आधी पीएच विचारा

ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसात सापडतं. फळांतल्या अ‍ॅसिडांच्या कुटुंबातलं हे सर्वांत छोट्या रेणूचं अ‍ॅसिड. त्याच्या दोन बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात, दोन्हींवर ‘१० टक्के’ छापलेलं असतं. एक लावली की गाल चुणचुणतात, दुसरी लावली तर काही जाणवतही नाही. फरक असतो तो पीएचचा, आणि बऱ्याच बाटल्यांवर तो छापलेलाच नसतो.

तो का महत्त्वाचा, हे कळायला आधी त्वचेचा वरचा थर पाहू. चेहऱ्यावर सर्वांत वर मृत पेशींचे साधारण दहा पदर असतात. शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. त्वचेतलीच काही विकरं हे टाके हळूहळू उसवतात आणि रोज जवळजवळ एक पदर आपल्या नकळत गळून पडतो. वय वाढलं किंवा त्वचा फार कोरडी झाली की उसवण्याचं काम मंदावतं. मग अर्धवट सुटलेल्या पेशी तशाच चिकटून राहतात, त्वचा खरखरीत लागते, निस्तेज दिसते.

स्क्रब या टाक्यांना हात लावत नाही. तो वरच्या पेशी घासून ओढून काढतो. त्यात मात्रा ठरवायची सोय नाही, कारण मात्रा म्हणजे तुमच्या बोटांचा जोर. कपाळावर हात हलका पडतो, नाकाच्या कडेला मात्र आपण दाबून घासतो. कणांचाही प्रश्न आहे. अक्रोडाच्या कवचाची पूड भिंगाखाली पाहिली तर तिच्या कडा धारदार दिसतात. साखरेचे कण पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांचं घासणं थोड्या वेळात आपोआप संपतं. पिकलेल्या पुटकुळीवर धारदार कण घासला गेला की ती फुटते, भोवती दाह होतो आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्याचा काळपट डाग कित्येक महिने राहतो. दिवाळीच्या उटण्याचा सहसा त्रास होत नाही. त्याआधी अंगाला तेल लागलेलं असतं, कण त्यावरून घसरतात. शिवाय ते वर्षाकाठी मोजक्या दिवशीच लावलं जातं.

अ‍ॅसिडाचा मार्ग वेगळा आहे. ते टाकेच सैल करतं. युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी १९७४ साली फळांतल्या अ‍ॅसिडांचा असा उपयोग माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या आजारात दाखवून दिला. सौंदर्यप्रसाधनांत ही अ‍ॅसिडं आली ती त्यानंतर.

आता त्या दोन बाटल्या. पाण्यात ग्लायकोलिक अ‍ॅसिड दोन रूपांत असतं, एक मुक्त आणि एक विद्युतभारित. त्वचेच्या स्निग्ध थरातून सहज शिरतं ते मुक्त रूप. भारित रूपाला तिथे जवळजवळ मज्जावच असतो. पीएच ३.८ असेल तर दोन्ही रूपं निम्मी निम्मी, म्हणजे दहातले पाच टक्के कामाचे. पीएच ४.८ झाला की मुक्त रूप अकरावा हिस्सा उरतं, म्हणजे एक टक्क्यालाही थोडं कमी. याचाच अर्थ, ३.८ पीएचची ५ टक्क्यांची बाटली ४.८ पीएचच्या १० टक्क्यांच्या बाटलीपेक्षा अडीचपटीहून जास्त जोरकस असते. टक्के वाचून महागडी बाटली उचलणारा ग्राहक नेमका इथे फसतो.

अमेरिकेतल्या प्रसाधन-घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी मर्यादा सुचवली. अ‍ॅसिड १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, पीएच ३.५ पेक्षा कमी नको आणि उन्हापासून संरक्षण हवं. लिंबाचा रस या मर्यादेत बसत नाही. त्याचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांत अशी द्रव्यं असतात, जी त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं तर फोड आणि काळे चट्टे उठवू शकतात. साखर-लिंबाच्या घरगुती स्क्रबमध्ये घासणं आणि बेहिशेबी अ‍ॅसिड हे दोन्ही धोके एकत्र येतात.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड वेगळ्या कामाचं. फळांतली अ‍ॅसिडं पाण्यात मिसळतात आणि वरच्या पदरांवर काम करतात. सॅलिसिलिकला तेलाशी सलगी आहे, म्हणून ते तेलकट रंध्राच्या तोंडात उतरतं आणि तिथे पेशी व तेलाचं जे बूच बसलेलं असतं ते सैल करतं. नाकावरचे ब्लॅकहेड्स घासून जात नाहीत, कारण घासल्यावर फक्त बुचाचा माथा उडतो. दुकानातल्या उत्पादनांत सॅलिसिलिक सहसा अर्धा ते दोन टक्के असतं. ते फेसवॉशमध्ये असेल तर मिनिटभरात धुतलं जातं, म्हणून चेहऱ्यावर राहणारं उत्पादन जास्त उपयोगी पडतं.

समजा, एखादीचं नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, खरखरीत आहेत. तिने नाक-कपाळावर २ टक्के सॅलिसिलिक आणि गालांवर ५ टक्के लॅक्टिक अ‍ॅसिड लावावं. लॅक्टिकचा रेणू ग्लायकोलिकपेक्षा मोठा, म्हणून ते सहसा सौम्य वागतं. आधी कानामागे थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहावी. मग आठवड्यातली एक रात्र ठरवावी. चेहरा साध्या फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करायचा, कारण ओल्या त्वचेत अ‍ॅसिड लवकर शिरतं. पहिल्या काही वेळा दहा मिनिटांनी पाण्याने धुऊन टाकायचं आणि वर साधं मॉइश्चरायझर लावायचं. चार आठवडे काही तक्रार नसेल तर ते रात्रभर ठेवायला हरकत नाही. त्या रात्री स्क्रब नको, रेटिनॉल किंवा अ‍ॅडापॅलिनही नको. आठवड्याचं अंतर ठेवायचं ते पदरांच्या हिशेबामुळे. रोज एक पदर या गतीने त्वचेला झीज भरून काढायला तेवढा वेळ मिळतो.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? त्वचा ताणलेली, प्लास्टिकसारखी चकचकीत दिसते. अनेकजण तिलाच ‘ग्लो’ समजतात आणि आणखी लावतात. खरी कसोटी मॉइश्चरायझरची. नेहमीचं, कधीही न झोंबणारं मॉइश्चरायझर झोंबू लागलं तर संरक्षक थर विरळ झाला आहे. मग दोन-तीन आठवडे अ‍ॅसिड आणि स्क्रब दोन्ही बंद.

उन्हाचा हिशेबही चुकवता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात चार आठवडे फळांतलं अ‍ॅसिड लावलेल्या त्वचेची अतिनील किरणांनी लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली आणि वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. म्हणून सनस्क्रीन फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी लावून भागत नाही, ते रोज लागतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी सॅलिसिलिक टाळावं. गर्भवतींनी आणि स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणाचं’ क्रीम लावत आलेल्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

मग स्क्रब ठेवायचा कुठे? कोपर, गुडघे आणि टाचांसाठी. टाचेची कातडी चेहऱ्यापेक्षा कितीतरी पट जाड असते. तिथे वजरीही चालते आणि हाताचा जोर थोडा चुकला तरी निभावतं.