फ्रेंच वाक्य देवनागरीत उतरवताना

प्रवाशासाठी फ्रेंच वाक्य देवनागरीत लिहायचे, तर ते कानाला ऐकू येते तसे लिहावे लागते. स्पेलिंगवर विसंबले की घोटाळा होतो. ‘मला ल्योंचे एक तिकीट हवे आहे’ हे स्टेशनवर लागणारे वाक्य घेऊ. इंग्रजी वळणाने अक्षरे लावून वाचणारा माणूस ते ‘जे वुड्राइस उन बिलेट पौर लिऑन’ असे म्हणेल आणि खिडकीतल्या कर्मचाऱ्याला ते कळणे अवघड जाईल. उच्चाराच्या जवळ जाणारे लेखन असे होते: ‘ज्य व्हूद्रे अँ बिये पूर ल्यों, सिल व्हू प्ले’. शेवटचे तीन शब्द म्हणजे ‘कृपया’.

‘व्हूद्रे’च्या शेवटी लिहिलेला एस आणि ‘बिये’च्या शेवटचा टी मुके आहेत, म्हणून ते देवनागरीत येतच नाहीत. ‘बिये’मध्ये दोन एल आहेत, इथे त्यांचा उच्चार य होतो. ‘पूर’च्या शेवटचा र मात्र उच्चारला जातो. फ्रेंचमध्ये शब्दाअखेरची व्यंजने बऱ्याचदा मुकी असतात, पण सरसकट नाही. त्यामुळे लिहिण्याआधी प्रत्येक शब्द ऐकून घेणे भाग आहे.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी माणूस इंग्रजी भाषकापेक्षा सोयीच्या जागी उभा असतो. फ्रेंच त आणि द दातांना जीभ लावून म्हणतात आणि प, त, क यांत महाप्राण नसतो. मराठीतली अक्षरे जशीच्या तशी चालतात. सवयीने ‘व्हूड्रे’ लिहिले की ही सोय हातची जाते. फ्रेंच र घशातून येतो, पण मराठी र म्हटला तरी समजतो, म्हणून त्यासाठी वेगळे चिन्ह शोधू नये. ‘ज्य’मधला ध्वनी मराठीत नाही. ‘श’ लांबवत असताना गळ्यातून आवाज सोडला की तो मिळतो; बोटे गळ्यावर ठेवली तर कंप जाणवतो. ‘ज’ लिहिला तर काही वाचक तो ‘जहाज’मधल्यासारखा म्हणतील, ‘ज्य’ने तेवढे टळते. त्यातला य वेगळा म्हणायचा नाही, एवढे वाक्याखाली लिहून ठेवावे.

खरी अडचण अनुस्वाराची आहे. ‘अँ’ आणि ‘ल्यों’ यांत स्वरच नाकातून निघतो. पुढे म, न किंवा ङ येत नाही. मराठीत मात्र अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. ‘अँबिये’ असे सलग लिहिले की वाचक ओठ मिटून ‘ॲम्बिये’ म्हणतो. ‘बोंज्यूर’, म्हणजे ‘नमस्कार’, सलग लिहिल्यास ‘बोन्ज्यूर’ होते. उपाय साधा आहे: अनुस्वारानंतर जागा सोडावी आणि ‘बों ज्यूर’ लिहावे. पडताळाही सोपा आहे. ‘बों’ म्हणून थांबावे. ओठ उघडे असतील आणि जीभ टाळूला लागली नसेल, तर स्वर बरोबर आला. कोकणी बोलणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, कारण नाकातले स्वर त्याच्या बोलण्यात असतातच.

चंद्रबिंदूचे मराठीतले वाचन इथे कामी येते. हिंदी वाचकाला ‘अँ’मध्ये नाकातला अ दिसतो, मराठी वाचक ‘बँक’ या शब्दाच्या सवयीने त्यात ‘ॲ’ आणि अनुस्वार वाचतो. पॅरिसमध्ये ‘एक’ या शब्दाचा उच्चार या दुसऱ्या वाचनाच्या जवळ आहे. म्हणून हिंदी प्रवासी-पुस्तकातले लेखन मराठीत तसेच उचलू नये.

जाऊन-येऊन तिकीट हवे असेल तर एक नवी गोष्ट घडते. ‘बिये’च्या जागी ‘आले रतूर’ येते, पण ते स्वराने सुरू होत असल्याने आधीच्या ‘अँ’मागे दडलेला न जागा होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो: ‘ज्य व्हूद्रे अँ नाले रतूर पूर ल्यों’. देवनागरीत हा न दुसऱ्या शब्दात लिहावा, कारण तो तिथेच ऐकू येतो. यामुळे एकेक शब्दाचा उच्चार लिहून वाक्य जुळवता येत नाही. पूर्ण वाक्यच ऐकून उतरवावे लागते.

जोर प्रत्येक गटाच्या शेवटच्या अक्षरावर येतो: ‘बिये’मध्ये ‘ये’वर, ‘सिल व्हू प्ले’मध्ये ‘प्ले’वर. त्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ ओढली की पुरते. वहीत वरच्या ओळीत मूळ फ्रेंच, मध्ये देवनागरी आणि खाली मराठी अर्थ ठेवावा. उच्चार फसला तर वरची ओळ बोटाने दाखवता येते. या वाक्यात तर तिचा विशेष उपयोग आहे, कारण पॅरिसमध्ये ‘गार द ल्यों’ नावाचे स्टेशनही आहे आणि ‘पूर’ नीट ऐकू न आल्यास गाव हवे की स्टेशन, असा गोंधळ होऊ शकतो.

लिहून झाले की फ्रेंच न येणाऱ्या मराठी माणसाला ते वाचायला द्यावे आणि मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ऐकावे. त्याने ‘ल्योन’ म्हटले किंवा ‘बिये’च्या आधी ओठ मिटले, तर तेवढीच जागा सुधारून पुन्हा वाचून घ्यावे.