‘ठीक आहे, बघू!’

“काकू, तो स्क्रीनशॉट पूर्ण वाचलात का? मग आता मी काय करू?” सीमाचा लातूरहून फोन आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण तो हातभर लांबीचा स्क्रीनशॉट मी रात्री निम्माच वाचला होता. उरलेला उद्या वाचू म्हणून झोपले. दुसऱ्या दिवशी नातवाने ‘आजी, तुझ्या फोनची जागा भरली’ म्हणत सगळे फोटो साफ केले. वर कचरापेटीही रिकामी केली. गुणी बाळ!

“अगं, परत पाठव ना,” मी म्हटलं. पण तिच्याकडेही तो उरला नव्हता. तिचा फोन खाली पडला आणि संपला. बॅकअप कधी घेतलाच नव्हता. रागाच्या भरात ती भिशीच्या ग्रुपमधून आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे नवीन फोनवर तो ग्रुप दिसायचाही प्रश्न नव्हता.

आता प्रकरण काय ते सांगते. (नावं अर्थातच बदलली आहेत.) बारा जणींची भिशी, दरमहा दोन हजार रुपये. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली. दहा तारखेला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला चोवीस हजार. भिशी चालवायच्या शैलावहिनी. सहा महिने झाले, सीमाचं नाव काही निघालं नाही, आणि जुलैत नवऱ्याची बदली लातूरला झाली. नवीन घराचं डिपॉझिट भरायचं होतं. तिने ग्रुपवर लिहिलं की मी भिशी सोडते, माझे पैसे परत द्या. मग आठवडाभर मेसेजांचा पाऊस! शेवटी वहिनींनी तिचा फोन उचलणंच बंद केलं.

मी काही वकील नाही. पतसंस्थेत तीस वर्षं कारकुनी केली, म्हणून आमच्या पेठेतल्या बायका असले हिशेब घेऊन माझ्याकडे येतात, एवढंच. पण काय बोलणं झालं हे माहीत नसताना सल्ला तरी कसा द्यायचा? मी सीमाला म्हटलं, “तुला आठवतंय ते लिहून पाठव.”

तासाभरात तिचा मेसेज आला. ‘वहिनींनी पैसे द्यायचं कबूल केलं आणि मग फिरल्या. मनीषा सोडून सगळ्या त्यांच्याच बाजूने बोलल्या. मला एकटं पाडलं. त्या आधीपासूनच तशा आहेत.’

वाचून वाईट वाटलं, पण उपयोग शून्य. किती पैसे, कधी मागितले, वहिनी नेमक्या कोणत्या शब्दांत ‘कबूल’ झाल्या, काही म्हणजे काही नाही. हे भांडणाचं सार नव्हतं, भांडणानंतरचा राग होता. तो असायचाच. पण रागावरून मी कुणाला काय सांगणार?

मग रात्री जेवणं आटोपल्यावर तिला फोन लावला. म्हटलं, वही-पेन घेऊन बस आणि पानावर तीन रकाने आखून घे. जे शब्द तुला जसेच्या तसे आठवतात आणि ज्यांची खात्री आहे, तेच पहिल्यात अवतरण चिन्हात लिही. अर्थ आठवतो पण शब्द आठवत नाहीत, ते दुसऱ्यात. तिसऱ्यात लिही, काय काय आठवत नाही ते. तिसरा रकाना तिला पटेना. “आठवत नाही ते कसं लिहू काकू?” अगं, ‘७ तारखेला दुपारी बरंच बोलणं झालं, कोण काय म्हणालं आठवत नाही’ असं लिहायचं. तिथे भोक आहे हे मला कळलं पाहिजे. नाहीतर मी ते माझ्या मनाने बुजवणार, आणि तूही.

तारखा सुरुवातीला तिला मुळीच जुळेनात. पण बाई आठवणीत तारीख ठेवत नाही, कामं ठेवते! “टेम्पो आला त्याच्या आदल्या रात्री मी पहिला मेसेज टाकला,” ती म्हणाली. टेम्पोची पावती ६ जुलैची. म्हणजे मागणी ५ तारखेची झाली. ‘लातूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी वहिनींचं उत्तर आलं’ म्हणजे ७. अशी एक पक्की तारीख मिळाली की तिच्या अलीकडचं पलीकडचं आपोआप जागेवर बसतं.

पैशांचंही तसंच. ती सहा हप्ते म्हणत होती, पण तिच्या यूपीआयच्या यादीत पाचच निघाले. ती घाबरली. मी म्हटलं, एप्रिलचा नाही दिसत, आठव बरं. मग आठवलं, वहिनींकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेली तेव्हा रोख दिले होते. मी ते तसंच लिहायला लावलं. पाच यूपीआयने, पुरावा आहे. एक रोख, पुरावा सध्या नाही. एकूण बारा हजार.

मग मी एक नावडता प्रश्न विचारला. “तू काय काय बोललीस ते यात कुठे आहे?” पलीकडे शांतता. आपण सार लिहितो तेव्हा समोरचीची वाक्यं चांगली लक्षात असतात, आपली मात्र ‘मी फक्त विचारलं’ एवढ्यावर आटोपतात. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “पोलिसांत जाईन असं लिहिलं होतं. पण लगेच डिलीट केलं.” अगं बाई! पाच मिनिटांत पुसलं तरी तोवर कुणीतरी वाचलेलं असतंच. वहिनी फोन का उचलत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी दुसरा मजकूर आला. पानभर होता, पण आता त्यावर बोट ठेवून बोलता येत होतं. थोडक्यात असा:

‘५ जुलै, रात्र. मी लिहिलं की बदली झाली, भिशी सोडते, भरलेले १२ हजार महिनाअखेर हवेत. ७ जुलै. शैलावहिनी म्हणाल्या “ठीक आहे”. पुढेही काहीतरी होतं, शब्द आठवत नाहीत. माझा अर्थ, देतो म्हणाल्या. त्याच दिवशी एक जण म्हणाली, मधेच सोडलं की पैसे बुडाले (शब्द असेच नाहीत). ८ जुलै. मी चिडून “पोलिसांत जाईन” लिहिलं आणि पुसलं. मग मनीषाने मला काहीतरी सुचवलं होतं, आठवत नाही. ९ जुलै. मी ग्रुप सोडला. त्यानंतरचं माहीत नाही.’

सगळं भांडण कुठे अडकलंय ते दिसलं ना? ‘ठीक आहे’च्या पुढे. आपल्याकडे ‘ठीक आहे, देते’ आणि ‘ठीक आहे, बघू’ यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. आणि ती जागा नेमकी तिसऱ्या रकान्यात होती.

मग मनीषाला फोन केला. ती अजून ग्रुपमध्ये होती आणि दोघींशी तिचं बरं होतं. तिला स्क्रीनशॉट काढायचे नव्हते, पाय मोडल्यासारखे तुकडे होतात ते. व्हॉट्सअॅपमध्ये तो ग्रुप उघडून वरच्या तीन टिंबांवर More, मग Export chat, आणि Without media निवडलं की सगळं बोलणं तारीख-वेळेसकट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतं. ग्रुपवर Advanced chat privacy सुरू केलेलं असेल तर मात्र ते निघत नाही. इथे नव्हतं. मी मनीषाला बजावलं, बाकीच्या जणींच्या घरच्या गोष्टी मला नकोत, ५ ते ९ जुलै एवढंच ठेव आणि उरलेलं काढून टाक.

असल्या फाइलचीही गंमत असते. जिच्या फोनमधून काढली, तिने नावं जशी साठवली असतील तशी ती येतात. शैलावहिनी तिथे ‘भिशी वहिनी’ झाल्या होत्या. मनीषाने स्वतःच्या फोनवरून जे मेसेज पुसले असतील, ते त्यात दिसणार नाहीत. सीमाने सगळ्यांसाठी पुसलेल्या मेसेजच्या जागी नुसतं This message was deleted होतं, तारीख ८ जुलैच. म्हणजे तिची आठवण तिथे बरोबर होती.

आणि ७ जुलैला वहिनींचं वाक्य होतं, ‘ठीक आहे, बघू दिवाळीनंतर.’

सीमाने ते वाचलं आणि गप्प झाली. खोटं ती बोलली नव्हती. डिपॉझिटची घाई होती, तिला ‘ठीक आहे’ एवढंच ऐकू आलं. मनीषाने काय सुचवलं होतं तेही सापडलं, ‘लातूरहून हप्ता पाठवत राहा, नंबर लागला की पैसे मिळतील.’ पण घरभाडं वाढलेलं, पुढचे हप्ते भरणं तिला खरंच शक्य नव्हतं.

आता मला सल्ला देता आला, कारण हिशेब मांडता आला. वहिनींकडे बारा हजार नव्हतेच! भिशीचे पैसे चालवणारीकडे साठत नाहीत, दर महिन्याला वाटले जातात. मग सीमाचे पैसे होते कुठे? पहिल्या सहा जणींनी प्रत्येकी चोवीस हजार उचलले होते. सीमा गेल्यावर अकरा जणी उरल्या, अकरा महिन्यांत प्रत्येकीचे भरणार बावीस हजार. म्हणजे त्या सहा जणींकडे प्रत्येकी दोन हजार जास्तीचे. सहा दुणे बारा. उरलेल्या पाच जणींना बावीस-बावीस हजार मिळून नोव्हेंबरात भिशी संपते. डिसेंबरचा एक हप्ता फक्त त्या सहा जणींनी भरायचा, तो सीमाचा. कुणाचा एक रुपया कमी-जास्त नाही. वहिनींचं ‘दिवाळीनंतर’ बरोबरच होतं. फक्त त्यांनी कारण सांगितलं नाही, आणि सीमाने विचारलं नाही.

सीमाने विचारलं, “हे लिहून काढलेलं पान पुरावा म्हणून चालेल का?” नाही चालणार. ते माझ्यासाठी होतं, मला समजावं म्हणून. कोर्टात जायची वेळ आली तर मोबाइलमधल्या नोंदींसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्यात सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकिलाचं काम. पण बारा हजारांसाठी तिथवर जायची गरज मला दिसत नव्हती.

मी तिला वहिनींना एक मेसेज लिहायला लावला. आधी पोलिसांच्या वाक्याबद्दल माफी. मग हिशेब. मग रोख दिलेल्या एप्रिलच्या हप्त्याची आठवण, ‘मिळाले होते ना?’ असं विचारून. वहिनींचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ‘हो, मिळाले होते. हळदीकुंकवाच्या दिवशी. फोन करते.’

डिसेंबरच्या दहा तारखेला सीमाच्या खात्यात दहा हजार जमा झाले. पाच जणींनी भरले होते. सहावीला मनीषाने आठवण केली, तर तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, बघू.’