जादूचा हिशेब

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) व्हिन गिळलेलं पोलाद पोटात ‘जाळते’ आणि जवळचा धातू ढकलते. नाणं जमिनीला टेकलं की उलट तीच वर फेकली जाते. पोलाद संपलं की शक्तीही संपली. ही हार्ड मॅजिक. नियम आधीच ठाऊक असल्यामुळे ती भिंतीवरून निसटते तेव्हा वाचक तिच्या हुशारीला दाद देतो.

टॉल्किनच्या गँडाल्फची शक्ती नेमकी किती, हे कधीच कळत नाही. ही सॉफ्ट मॅजिक. त्याने ऐनवेळी मंत्र टाकून अंगठी नष्ट केली असती, तर ती लेखकाची पळवाट ठरली असती. टॉल्किन ते टाळतो. अंगठी संपते गॉलमच्या हव्यासापायी. सुटकेला धावणारे गरुड मात्र अनेकांना खटकतात, आणि माझ्या मते ती तक्रार रास्त आहे.