पावसातल्या फोटोत रेनकोट आणि गमबूट: ओली चकाकी येते कुठून?

मागच्या वेळी आपण फोटोतली एखादी वस्तू काढून टाकण्याबद्दल बोललो. आज उलटं काम आहे. फोटोत नसलेली वस्तू आणायची, आणि तीही ओली. वस्तू कापून चिकटवणं आता कुणालाही जमतं, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते ओल्या प्लॅस्टिकच्या चकाकीपाशी.

उदाहरण आमच्याच कामातलं घेऊ. लेप्टोचं पोस्टर करायचं होतं. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार होतो, जंतू पायावरच्या लहानसहान जखमांतून आत शिरतात. म्हणून पोस्टर गोठा साफ करणाऱ्यांसाठी होतं. आमच्याकडे कोकणातला जुलैमधला एक उत्तम फोटो होता. भर पावसात एक काका खराटा घेऊन गोठ्यासमोरच्या खळग्यात उभे आहेत, पाणी घोट्याच्या खाली. चेहरा छान आलाय, पाऊस दिसतोय, पण काका अनवाणी, अंगावर नुसता सदरा आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. सांगायचं होतं ‘गमबूट घाला’ आणि फोटो सांगत होता बरोबर उलटं. काम हातात आलं तेव्हा पाऊस संपला होता. काकांची परवानगी घेतली आणि त्याच फोटोत पिवळा रेनकोट आणि काळे गमबूट घालायचं ठरवलं.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. रेनकोट आमच्यापैकी एकाला घालायला लावला, खोलीतच फ्लॅश मारून फोटो काढला, कापला, बसवला. कडा स्वच्छ, मापं बरोबर. पोस्टर एका ताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “काका पावसात आहेत, पण कोट अजून दुकानातच आहे.” त्यांना फोटोशॉप येत नाही, पण डोळा अचूक होता. कोटावर दोन-तीन बारीक, लख्ख ठिपके होते. ते ठिपके म्हणजे फ्लॅश. आणि त्या गोठ्यासमोर फ्लॅश कुठेच नव्हता.

इथे आजची मुख्य गोष्ट येते. चकाकी हा कोटाचा रंग नसतो. चकाकी म्हणजे कोटात दिसणारं आभाळ. प्लॅस्टिक असो, रबर असो, वर पाण्याचा थर असो, या पृष्ठभागांवरून जो उजेड आरशासारखा परततो तो उजेडाचाच रंग घेऊन परततो. कोट पिवळा असला तरी त्यावरची चकाकी पिवळी नसते. ढगाळ दिवशी ती राखाडी-पांढरी, किंचित निळसर असते. आपण काय करतो? पिवळा रंग जरा उजळवतो, फिकट पिवळा पट्टा काढतो आणि म्हणतो, झाली चकाकी. तसं केलं की कोट जाड कापडाचा आणि कोरडा दिसतो.

दुसरी चूक याच्याच शेजारची. ओलं दाखवायचं म्हणून लोक कोट गडद करतात. सदरा भिजला की गडद होतो, कारण पाणी सुताच्या धाग्यांत शिरतं. प्लॅस्टिकमध्ये पाणी शिरत नाही. तो मुळात होता तेवढाच पिवळा राहतो, वर फक्त थेंब आणि ओघळ येतात. काकांचा सदरा गळ्यापाशी कोटाबाहेर डोकावत होता, तो ओला आणि गडद होता. तो आम्ही तसाच ठेवला. भिजलेलं सूत आणि ओलं प्लॅस्टिक शेजारी शेजारी दिसलं की प्लॅस्टिक आपोआप पटतं.

मग दुसऱ्यांदा काम केलं. आधी मूळ फोटो वाचला. त्यात आभाळ वर आणि थोडं उजवीकडे मोकळं आहे. डावीकडे गोठ्याचं कौलारू छप्पर पुढे आलंय. म्हणजे उजेड वरून, मोठा, मऊ आणि डाव्या बाजूने अडवलेला. हे कळल्याशिवाय ब्रशला हात लावू नये. मग ढगाळ दिवसाची वाट पाहिली, रेनकोट बाहेर नेला, डाव्या हाताला भिंत येईल अशी जागा धरली. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार मीटरवर, मूळ फोटोत होता तसाच. कोट घातलेल्या मुलाच्या हातात खराटा दिला, म्हणजे खांदा तसाच वाकेल. आणि त्याच्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारलं. पंप नवा, स्वच्छ घ्या, औषधाचा नको. थेंब रंगवून काढण्यात संध्याकाळ जाते आणि ते साबुदाण्यासारखे दिसतात. खरे थेंब फुकट मिळतात.

एवढं करूनही चकाकी कमी पडली, कारण त्या दिवशीचे ढग जुलैच्या ढगांइतके उजळ नव्हते. तेव्हा ती वाढवावी लागली. कोटाच्या वर नवा लेयर, त्याचा मोड `Screen`. ब्रशचा रंग पिवळ्यातून घ्यायचा नाही. तो फोटोतल्या आभाळातूनच ड्रॉपरने उचलायचा आणि हलक्या हाताने चढवायचा. कुठे? जो भाग आभाळाकडे बघतो तिथे: टोपीचा माथा, खांदे, दंडाची वरची बाजू, कोपरापाशी पडलेल्या घड्यांच्या पाठी. घडीच्या पोटात नाही, काखेत नाही.

आता आकार. ढगाळ आभाळ प्रचंड मोठं असतं, म्हणून चकाकीही पसरट असते. बारीक ठिपका दिसला की बघणाऱ्याला कळतं, इथे दिवा होता. पण ओलं प्लॅस्टिक गुळगुळीत असल्यामुळे त्या पसरट चकाकीची कड मात्र बऱ्यापैकी धारदार असते. आकार उजेड ठरवतो, कड पृष्ठभाग ठरवतो. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला की कोट मेणाचा होतो. आम्ही आधी मऊ ब्रशने पट्टा भरला, मग मास्कमध्ये कडक ब्रशने घड्यांच्या रेषेवर तो एका बाजूने कापला. डाव्या खांद्यावर चकाकी मध्येच तुटली पाहिजे, कारण तिथे कोटात आभाळ नव्हे, कौलांचं छप्पर दिसणार. तो गडद पट्टा आल्यावर कोट त्या अंगणात उभा राहिला. खरं सांगायचं तर सगळ्या कामात एवढ्या एका पट्ट्याने जितकं साधलं तितकं बाकी कशानेच नाही.

कडांचंही एक आहे. प्लॅस्टिककडे सरळ समोरून बघितलं तर ते पडलेल्या उजेडातला साधारण 4 टक्केच आरशासारखा परत देतं. तेच 80 अंशांच्या तिरक्या कोनातून 40 टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून बाही जिथे वळून दिसेनाशी होते, तिथे कडेला रंग मरतो आणि आभाळ चढतं. छातीवर, जिथे आपण सरळ बघतो, तिथे पिवळा भरगच्च राहतो. दोन्हीकडे सारखी चकाकी दिली की कोट चपटा पडतो.

गमबुटांकडे येऊ. काळ्या रबराला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, जे दिसतं ते बहुतेक सगळं प्रतिबिंब. नळकांड्यावर उजव्या बाजूला एक उभा उजळ पट्टा, चवड्यावर एक पसरट डाग, बाकी काळं. चिखल उडालेला असतो तिथे चकाकी मरते, ते डाग सपाट तपकिरी ठेवायचे. आणि काळं म्हणजे किती काळं? मूळ फोटोत काकांच्या आसपास सर्वांत गडद जागा शोधा, त्यापेक्षा बूट काळे नकोत. पावसाच्या पडद्यामुळे पावसातला काळा थोडा राखाडी होतो. आमच्या फोटोत 0 ते 255 या मापावर सर्वांत गडद जागा 22 च्या जवळपास होती, आणि आमचे बूट आले होते 5 वर. अंगणात दोन भोकं पडल्यासारखी दिसत होती. कर्व्हचं खालचं टोक उचलून ते 22 पर्यंत आणले.

आता पाणी. आधी काकांच्या अनवाणी पायांचं जुनं प्रतिबिंब खळग्यातून पुसायचं. हे हमखास विसरतं, आणि मग वर बूट, खाली पाण्यात पाय, असा चमत्कार होतो. मग बुटांची प्रत उभी उलटी करून पाण्याच्या रेषेला जोडायची. बूट बुडालेला असतो, म्हणून जोड तळव्यापाशी येत नाही, पाणी जिथे रबराला लागतं तिथे येते. पण प्रत काळीच ठेवली तर चुकलं. गढूळ पाण्यावर आपल्याला दिसणारा पांढुरका रंग आभाळाचा असतो. बूट ते आभाळ अडवतो, तेवढ्या भागात पाण्याचा स्वतःचा मातकट रंग उघडा पडतो. म्हणून काळ्या बुटाचं गढूळ पाण्यातलं प्रतिबिंब तपकिरी असतं. पाऊस झाल्यावर रस्त्यावरच्या डबक्याशेजारी उभं राहून बघा. प्रतीची अपारदर्शकता कमी करून हे साधत नाही, कारण मग मागचं आभाळ झिरपतं. पाण्याचा मातकट रंग भरून, त्यावर बुटाच्या चकाकीचा पट्टा तेवढा पुसट ठेवला. शेवटी थेंबांच्या वलयांवर ते प्रतिबिंब आडवं तुटकं केलं.

सावलीबद्दल फार नाही. ढगाळ उजेडात लांब सावली नसते. बाहीखाली मनगटावर आणि कोटाच्या खालच्या काठाखाली मांडीवर पातळ अंधार लागतो, तो `Multiply` मोडमध्ये. कोट गुडघ्याच्या वर संपतो, बूट गुडघ्याखाली सुरू होतात, मधला ओला गुडघा काकांचा मूळचाच आहे. पावसाच्या रेषा कोटाच्या पुढूनही गेल्या पाहिजेत, नाहीतर पाऊस कोटामागे पडतो. आणि मूळ फोटो कमी उजेडातला, दाणेदार होता, आमचा कोट नितळ. त्यावर तेवढेच दाणे घातले.

एका श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय: “इतकं खरं दिसतंय, मग ही फसवणूक नाही का?” ही चिठ्ठी आली हे बरं झालं. पोस्टरवर आम्ही छापलंय, ‘रेनकोट व गमबूट चित्रात जोडलेले आहेत’. पोस्टर काय घालावं ते सांगतं, काकांना काय मिळालं ते सांगत नाही. नंतर एका संस्थेने हाच फोटो वार्षिक अहवालासाठी मागितला, गमबूट वाटपाच्या पानावर टाकायला. आम्ही दिला नाही. तिथे तोच फोटो न मिळालेल्या बुटांची पावती झाला असता. त्यांना मूळ फोटो पाठवला, अनवाणी पायांचा. तो त्यांनी छापला नाही.