"एआयची मदत घेतली आहे" म्हणजे नेमकी किती?

गेल्या सत्रात सबमिशनच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या असाइनमेंटच्या शेवटी मला एकच ओळ दिसली : "या लेखनासाठी एआयची मदत घेतली आहे." पोरं प्रामाणिक आहेत, यात शंका नाही. आमच्या अभ्यासक्रमात मर्यादित वापराला परवानगी आहे आणि वापर केला तर सांगा, असं आम्हीच सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं. पण त्या ओळीवरून मला काहीच कळेना. मदत म्हणजे विषय समजून घेतला, की ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेतलं, की अख्खा तिसरा परिच्छेद उचलून ठेवला?

त्याच गठ्ठ्यात एका विद्यार्थिनीची असाइनमेंट होती, विषय महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. शेवटी दीड पानाची नोंद जोडलेली होती. परवानगी कशाला होती ते आधी सांगतो. विषय समजण्यासाठी प्रश्न विचारायचे आणि स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा तपासून घ्यायची, एवढंच चालेल. मजकूर लिहून घ्यायचा नाही. तिच्या नोंदीत सात वेळा यंत्राकडे गेल्याचा हिशेब होता. दर वेळी तारीख आणि वेळ, कोणतं साधन आणि स्क्रीनवर दिसणारं मॉडेलचं नाव, विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, उत्तरात काय आलं, त्यातलं काय घेतलं आणि ते कशावरून तपासलं. पहिला प्रश्न असा होता :

```
rojgar hami yojna kadhi suru zali ani kayda kadhi zala
```

हा प्रश्न तिने नंतर देवनागरीत सुबक करून लिहिला नाही, ही मला त्या नोंदीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. फोनवर घाईत टाइप केलेला प्रश्न तसाच ठेवला होता. प्रश्नाचा एखादा शब्द बदलला तरी उत्तर बदलू शकतं, म्हणून प्रॉम्प्ट शुद्ध करून लिहिला की तो मुळात विचारलेला प्रश्न राहत नाही.

उत्तरात आलं की योजना १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली आणि कायदा १९७९ मध्ये झाला. पुढच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "कायद्याच्या नावातच १९७७ आहे, मग १९७९ कुठून?" ग्रंथालयात जाऊन तिने कायद्याचा मजकूर काढला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हे त्याचं नाव आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. यंत्राने दोन वर्षं एकात मिसळली होती. निबंधात तिने दोन्ही वर्षं वेगवेगळी लिहिली आणि तळटीप दिली ती कायद्याची, यंत्राची नव्हे.

खरी गोम इथेच आहे. यंत्राने सांगितलेली माहिती वापरली म्हणजे यंत्राचा संदर्भ दिला पाहिजे, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते माहितीसाठी यंत्राचा संदर्भ जवळजवळ कधीच देऊ नये. माहिती तपासून पाहिली असेल, तर जिथे तपासली त्या पुस्तकाचा, अहवालाचा, कायद्याचा संदर्भ द्यावा. तपासली नसेल, तर ती लिहूच नये. यंत्राने वाट दाखवली, हे नोंदीत लिहायचं. संदर्भात यंत्राचं नाव येतं ते त्याचे शब्द, त्याची मांडणी किंवा त्याने केलेलं चित्र-कोष्टक आपण तसंच घेतलं तर, किंवा यंत्राचं उत्तर हाच अभ्यासाचा विषय असेल तर.

तिच्या पाचव्या नोंदीत अशी एक जागा होती. योजनेला उद्देशून यंत्राने "गाव न सोडण्याची मुभा" असा शब्दप्रयोग केला होता आणि तो तिला आवडला. तिने तो अवतरणचिन्हांत ठेवला, परवानगीच्या चौकटीत बसतो का हे आधी मला येऊन विचारलं, आणि मग संदर्भ दिला. चार शब्दांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वर्गातले काही जण म्हणाले. पण ते चार शब्द तिचे नव्हते, आणि वाचणाऱ्याला ते कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

असा संदर्भ लिहायचा कसा, यावर संदर्भशैली ठरवणाऱ्या मंडळींचंही एकमत नाही, आणि त्यांचा मतभेद वाचण्यासारखा आहे. एपीए शैलीने २०२३ मध्ये सांगितलं की लेखकाच्या जागी साधन बनवणारी कंपनी लिहावी, पुढे वर्ष, साधनाचं नाव, आवृत्ती आणि पत्ता. एमएलए म्हणते, यंत्र लेखक नव्हेच. लेखकाची जागा रिकामी सोडा आणि शीर्षकाच्या जागी तुमचा प्रॉम्प्ट लिहा. शिकागो शैलीने या उत्तराला खासगी पत्राच्या पंगतीत बसवलं : तळटीपेत सांगा, पण दुसऱ्याला उघडता येईल असा दुवा नसेल तर ग्रंथसूचीत घालू नका. मला यातलं शिकागोचं कारण पटतं. पुस्तकाचा संदर्भ दिला की वाचक ते पान उघडून पाहू शकतो. यंत्राला तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला तर उत्तर वेगळं येतं, कारण पुढचा शब्द निवडताना त्यात संभाव्यतेचा खेळ असतो आणि मागचं मॉडेलही कंपनी बदलत असते. म्हणून नुसता संदर्भ पुरत नाही. उत्तराची प्रत आपल्यालाच जपावी लागते. शैली कोणती, हे शिक्षक सांगतील ते खरं.

प्रत जपायची म्हणजे स्क्रीनशॉट काढायचे, असं मुलं समजतात. मला एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर सत्तावीस स्क्रीनशॉट पाठवले होते, उलटसुलट क्रमाने. त्यात काही शोधता येत नाही आणि लांब उत्तराचा मधला भाग हमखास गळतो. त्यापेक्षा त्याच वेळी संवाद कॉपी करून एका फाइलमध्ये चिकटवावा आणि वर तारीख टाकावी. चॅटजीपीटीसारख्या साधनांत संवादाचा दुवा तयार करून देता येतो. तो द्यावा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. दुवा तयार केला त्या क्षणापर्यंतचाच संवाद त्यात दिसतो. मूळ संवाद पुसला की दुवाही जातो. आणि 'तात्पुरता संवाद' हा पर्याय चालू ठेवून काम केलं असेल, तर इतिहासात काहीच उरत नाही.

आणखी एक बारीक खाच आहे, ती बऱ्याच शिक्षकांनाही माहीत नसते. आधी विचारलेला प्रश्न दुरुस्त करून पुन्हा पाठवला की संवादाला फाटा फुटतो. जुना फाटा पुसला जात नाही, पण छोट्या बाणावर बोट ठेवल्याशिवाय दिसतही नाही. दुव्यात मात्र समोर दिसणारा एकच फाटा जातो. म्हणजे एखाद्याने आधी "मला निबंध लिहून दे" असं विचारलं, उत्तर वाचलं आणि मग तोच प्रश्न बदलून "या विषयावर वाचण्यासाठी मुद्दे सांग" असा केला, तर दुवा अगदी सोवळा दिसेल. हे नेहमी लबाडीनेच होतं असं नाही. प्रश्न सुधारून विचारणं ही साधी सवय आहे. म्हणून मी वर्गात सांगतो की नोंद ठेवायच्या कामात प्रश्न दुरुस्त करू नका, खाली नवा विचारा.

नोंद आदल्या रात्री बसून रचलेली असली की तेही कळतं. रचलेल्या नोंदीत प्रत्येक प्रश्न पूर्ण वाक्यात असतो, शुद्ध असतो आणि पहिल्याच फटक्यात हवं ते उत्तर मिळालेलं असतं. खऱ्या नोंदीत "हे नको, सोपं सांग", "पुन्हा" असले तुकडे असतात, एखादी वाट अर्ध्यात सोडलेली असते. त्या मुलीच्या सहाव्या नोंदीत तिने वाचायला संदर्भग्रंथ मागितले होते. तीन नावं आली. पुढे लिहिलं होतं : "एक ग्रंथालयात मिळालं. दोन कुठेच सापडली नाहीत, लेखकाचं नाव खरं आहे पण असं पुस्तक दिसत नाही. वापरली नाहीत." अशी हवेतली पुस्तकं ही या यंत्रांची जुनी खोड. न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. सापडली नाहीत ती नावंही नोंदीत ठेवली, तर तपासणाऱ्याला विद्यार्थ्याने खरोखर शोधाशोध केल्याचं दिसतं.

भाषा तपासून घेण्याचं काम सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं, आणि तिथेच जास्त घसरायला होतं. तिने आपला एक परिच्छेद देऊन फक्त शुद्धलेखन दुरुस्त करायला सांगितलं होतं. तिच्या आजीच्या आठवणीवर आधारलेलं मूळ वाक्य होतं, "मजुरी वेळेवर मिळत नव्हती." परत आलं ते, "मजुरी मिळत नव्हती." दोन्ही शुद्ध, पण दुसरं खोटं. मूळ आणि सुधारलेला परिच्छेद तिने शेजारी शेजारी ठेवला होता म्हणून हे तिच्या लक्षात आलं. भाषेच्या नोंदीत एवढंच पुरे : आधीचा मजकूर, नंतरचा मजकूर आणि आपण काय स्वीकारलं.

जाता जाता एक सांगून ठेवतो. मुलाखती घेऊन लिहायची असाइनमेंट असेल, तर लोकांची खरी नावं आणि गावं मुळात यंत्रात टाकूच नयेत. टाकली गेली असतील तर नोंद जोडताना ती झाकावीत आणि "इथे नाव झाकलं आहे" असं लिहावं. गुपचूप बदलू नयेत.

शिक्षकांनीही थोडं आवरतं घ्यायला हवं. चाळीस पानांचे संवाद मागवले तर ते कोणी वाचणार नाही, मीही नाही. एक पान निवेदन पुरे, त्यात काय वापरलं, कुठे वापरलं आणि काय टाकून दिलं हे असावं. पूर्ण संवाद विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावा आणि मागितला तर दाखवावा. मराठीत निवेदन असं लिहिता येईल : "योजना आणि कायद्याची वर्षं समजून घेण्यासाठी चॅटजीपीटीला चार प्रश्न विचारले, मिळालेली माहिती मूळ कायद्यावरून तपासली. परिच्छेद ३ चं शुद्धलेखन तपासून घेतलं, एक बदल नाकारला. परिच्छेद ५ मधला एक शब्दप्रयोग यंत्राचा आहे, तो अवतरणात दिला आहे. बाकी मजकूर माझा." पाच ओळीही नाहीत, पण एआयची मदत म्हणजे काय, ते यात कळतं.

एवढी नोंद ठेवलीत तर आणखी एक करा : निकाल लागून गुणपत्रिका हातात येईपर्यंत फोनमधला तो संवाद पुसू नका.